स्वररज्जूंचा पुढला सांधा

हाताला कंप सुटू लागला हे घशाच्या वैद्याला प्रथम आरशावरून कळते. ऊन करून पडजिभेखाली धरलेला तो लहानसा गोल आरसा मागच्या भिंतीला निसटता जरी लागला, तरी रोग्यास उमासा येतो आणि स्वरयंत्र दिसेनासे होते. भंडाऱ्यात माझी कारकीर्द या आरशावर गेली, त्याचा मला अहंकार होता, आणि हाताखालच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी नाकातून घालावयाची लवचिक दुर्बीण आणली तेव्हा तो दुखावला.

तथापि एका जागेपुढे आरशाने मला सदैव हतबल केले आहे. दोन्ही स्वररज्जू पुढे जेथे जुळतात तो सांधा, रोग्याने कितीही लांब ‘ई’ म्हटले तरी, पुष्कळांच्या घशात स्वरयंत्रावरच्या झाकणाआड राहतो.

गेल्या हंगामात साकोलीकडचे एक दंडारीतले गायक आले. दिवाळीनंतर मंडया लागल्या, रात्री गाण्यात गेल्या, घसा बसला. “डॉक्टरसाहेब, जागरण आहे, दुसरं काई नाई,” ही त्यांची कैफियत. विडीचा कट्टा मात्र खिशात होता. सर्दीने वा ओरडण्याने सुजलेला घसा बहुधा दोन आठवड्यांत उतरतो. यांची तीन आठवड्यांची मुदत उलटून गेली होती आणि दुकानातून आणलेल्या खोकल्याच्या बाटल्या संपल्या होत्या. आरशात रज्जू किंचित तांबूस, एरवी स्वच्छ दिसले; दुर्बिणीत मात्र सांध्यालगत, उजव्या रज्जूच्या कडेवर, तांदळाच्या कणीएवढा पांढुरका, खडबडीत चट्टा आढळला. रज्जू मोकळेपणी हलत होता, हे मी पुनःपुन्हा पाहिले, कारण हालचाल थांबली की रोग खोल उतरला असे समजावे लागते. भूल देऊन तुकडा काढला, कर्करोग ठरला. नागपुरास पाच-सहा आठवडे किरणोपचार झाले आणि ते आज, थोड्या जाड स्वरात का होईना, गातात.

रज्जूच्या कडेला रसवाहिन्या विरळ असतात, म्हणून तेथला रोग बराच काळ जागा सोडीत नाही, आणि कड जराशी बिघडली तरी आवाज फाटतो, म्हणून तो लवकर कळतो. खर्रा चघळणाऱ्याचा रोग तोंडात किंवा अन्ननलिकेच्या मुखाशी उद्भवला, तर घोगरेपणा उशिरा येतो. तो येतो तेव्हा रोग स्वरयंत्रापर्यंत पोचलेला असू शकतो, सबब त्याला तर एक दिवसही थांबवू नये.

घशात न डोकावता पित्ताच्या गोळ्या लिहून देणाऱ्या व्यावसायिकांविषयी माझ्या मनात राग आहे आणि तो वयाने कमी झालेला नाही. सुधारत नसलेल्या आवाजाला तीन आठवडे झाले असता, आणि रोगी विडी ओढणारा वा तंबाखू खाणारा असता, तो सांधा डोळ्यांनी पाहिल्यावाचून चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार वैद्यास नाही; आणि आरशाने तो दिसत नसेल, तर माझ्यासारख्याने आपला आरसा खाली ठेवून रोगी दुर्बिणीकडे सोपवावा.