कौतुक मागच्या पानावर

देहूच्या एका छापखान्यात प्रूफं तपासायला एक नाना येत. त्यांचं माझ्यावर ऋण आहे, आणि ते एका छापील पानाचं आहे. हायड्रॉलिक फिटिंगच्या कॅटलॉगचं पहिलं पान, ज्याला सगळे ‘इन्ट्रोडक्शन’ म्हणतात आणि जे कोणी वाचत नाही, ते पान कशासाठी असतं हे मला त्यांनी शिकवलं.

नाना भोसरीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर सकाळी गाथा मंदिरापर्यंत फेरी मारायची आणि परतताना छापखान्यात बसायचं, असा त्यांचा दिवस. तिथे बिजेच्या आधी हरिपाठाच्या पुस्तिका छापल्या जात, लग्नसराईत पत्रिका, आणि वर्षभर तळवडे-चाकणच्या वर्कशॉपांची चलनं, बिलबुकं, कॅटलॉग. मी तेव्हा तळवड्यात फिटिंग बनवणाऱ्या एका छोट्या युनिटच्या ऑफिसात होते. चौकश्यांना उत्तरं देणं, कोटेशन पाठवणं आणि कॅटलॉगची नवी आवृत्ती छापून घेणं, ही कामं माझ्याकडे.

जुन्या कॅटलॉगची सुरुवात तीन पानांची होती. साहेबांच्या वडिलांनी एका लेथवर धंदा सुरू केला, तिथपासून. मग दूरदृष्टी, ग्राहकांचं समाधान हेच ब्रीद, अत्याधुनिक यंत्रसामग्री, उत्पादनांची विस्तृत श्रेणी, आयएसओ प्रमाणपत्र, आणि शेवटी ‘आपल्या सेवेची संधी द्यावी’. चौथ्या पानावर एकदम कोष्टक सुरू. कोणतं कोष्टक कशाचं, हे ज्याचं त्याने शोधायचं.

नानांनी प्रूफ वाचलं आणि शुद्धलेखनाची एकही खूण केली नाही. म्हणाले, “अगं, हे कोणासाठी आहे?”

“गिऱ्हाइकासाठी.”

“गिऱ्हाईक कॅटलॉग कधी उघडतं, पाहिलंयस का? मी आयुष्यभर पाहिलंय. मशीन बंद पडलेलं असतं, तेल गळत असतं, सुपरवायझर डोक्यावर उभा असतो. मेन्टेनन्सवाला तुटकं फिटिंग घेऊन स्टोअरच्या खिडकीशी येतो. त्या वेळी त्याला तुमचे संस्थापक काय कामाचे?”

मग त्यांनी पेन्सिल घेतली. प्रत्येक वाक्यापाशी ते एकच गोष्ट विचारत: हे वाचून माणूस कोणतं पान उघडेल? उत्तर असेल तर समासात पान क्रमांक. वाक्य खरं आहे पण पानाकडे नेत नाही, तर ‘मागे’. दोन्ही नाही, तर काट.

‘अत्याधुनिक यंत्रसामग्री’ काटली गेली. आयएसओ प्रमाणपत्रासमोर ‘मागे’ आलं. ‘फिटिंगची विस्तृत श्रेणी उपलब्ध’ या वाक्याशी मात्र ते थांबले. “श्रेणी म्हणजे काय काय?” मी सांगत गेले आणि ते चिठ्ठीवर लिहीत गेले. कटिंग रिंगची मेट्रिक फिटिंग. बीएसपी आणि एनपीटी आट्यांचे अडॅप्टर. होजच्या टोकाला लागणारी फिटिंग. सुटे नट, रिंगा आणि प्लग. चार विभाग निघाले. “बघ, या वाक्याच्या पोटात अख्खी अनुक्रमणिका होती आणि तुम्ही तिच्यावर विशेषण बसवलंत,” ते म्हणाले.

‘प्रत्येक नग उच्च दाबावर तपासलेला’ या वाक्याचंही तसंच झालं. नानांनी ‘प्रत्येक’ या शब्दाखाली रेघ ओढली. साहेबांना विचारलं तेव्हा कळलं की प्रत्येक लॉटमधले काही नग तपासतात. मग ते वाक्य सुरुवातीतून उठून दाबाच्या कोष्टकाखाली गेलं, जसं होतं तसं खरं होऊन. तिथे ते वाचणाऱ्याला आकडा कसा घ्यायचा ते सांगत होतं. पहिल्या पानावर ती नुसती फुशारकी होती.

एवढं झाल्यावर मला वाटलं, आता चार विभागांची नावं आणि पान क्रमांक टाकले की झालं. नाना म्हणाले, “गाथ्याच्या मागे अभंगांची अकारादी सूची असते ना? ती कोणासाठी? ज्याला अभंगाचा पहिला शब्द आठवतो त्याच्यासाठी. तुझ्या गिऱ्हाइकाला काय आठवतं? त्याला विभागाचं नाव ठाऊक नाही. त्याच्या हातात फक्त तुटका तुकडा आहे.”

त्यांनी मशीनवरच्या एका पोराला हाक मारली. तो आधी कुठल्याशा प्रेस शॉपमध्ये फिटर होता. मी नमुन्यासाठी आणलेलं एक जुनं फिटिंग, व्हर्निअर आणि प्रूफ त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, हे मागव. त्याने कोणताही फिटर करील तेच केलं, बाहेरचे आटे मोजले. अठराला जरा कमी, म्हणजे १८ मिलिमीटर, पिच १.५. कोष्टकात ‘एम १८ × १.५’ शोधलं, पहिल्या जागी सापडलं, बोट ठेवलं: १२ एल.

ते फिटिंग १० एस होतं.

या धंद्यातली ही नेहमीची खोच आहे. कटिंग रिंगच्या फिटिंगमध्ये एल म्हणजे हलकी मालिका आणि एस म्हणजे जड, जास्त दाबाची. आकडा नळीच्या बाहेरच्या व्यासाचा. आता १२ मिलिमीटरच्या हलक्या मालिकेच्या फिटिंगवर आणि १० मिलिमीटरच्या जड मालिकेच्या फिटिंगवर आटे एकच असतात, एम १८ × १.५. तसंच १० एल आणि ८ एस यांचे एम १६ × १.५, आणि १५ एल आणि १४ एस यांचे एम २२ × १.५. आट्यांवरून मागवलं की नट बॉडीवर छान बसतो, पण नळी आणि नटाचं भोक जुळत नाही. दहाच्या नळीवर बाराची रिंग सैल राहते, ती नळीला चावतच नाही. माल परत, मशीन बंद, आणि फोनवर दोन्ही बाजू म्हणणार की आम्ही बरोबर होतो.

नानांनी त्या पोराला काही म्हटलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, “पहिलं वाक्य मिळालं बघ.” नव्या पानाचं पहिलं वाक्य तेच झालं: आधी नळीचा बाहेरचा व्यास मोजा, मग आटे. त्याच्या शेजारी एक रेखाचित्र, व्हर्निअर कुठे धरायचा ते दाखवणारं. खाली दोन ओळी: एकाच आट्यांची दोन फिटिंग असू शकतात, म्हणून दोन्ही मापं जुळतील तीच ओळ घ्या, पान ६ ते १९.

दुसऱ्या विभागासाठी असाच एक इशारा लागला. अर्धा इंच बीएसपीचे बाहेरचे आटे मोजले तर कुठेच अर्धा इंच येत नाही, येतात २०.९५५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ २१. हे माप मुळात पाइपच्या आतल्या भोकावरून पडलेलं नाव आहे. नवा माणूस २१ मोजतो आणि कोष्टकात २१ शोधत बसतो. त्यात अर्धा इंच एनपीटीचेही इंचाला १४ च आटे, पण आट्याचा कोन बीएसपीचा ५५ अंश आणि एनपीटीचा ६०, शिवाय एनपीटीला उतार. एकात दुसरं दोनचार फेरे फिरतं आणि मग अडतं किंवा गळतं. म्हणून प्रस्तावनेत लिहिलं: इंची आटे असतील तर मोजलेला आकडा पान २० वरच्या डाव्या रकान्यात पाहा, तिथे मापाचं नाव मिळेल, मग पिच गेज लावून आट्याचा कोन पाहा आणि बीएसपी की एनपीटी ते ठरवा.

तिसरी गोष्ट नानांनी आग्रहाने घालायला लावली, ती म्हणजे काय मिळणार नाही. स्टेनलेसची फिटिंग आम्ही करत नव्हतो. जुन्या कॅटलॉगमधून हे कळायला सगळी पानं उलटावी लागत. एका ओळीत ते सांगितलं की माणूस पाच मिनिटांत दुसरीकडे जातो आणि शिव्या देत नाही.

राहिला प्रश्न साहेबांचा. वडिलांचं नाव पहिल्या पानावरून काढायचं म्हटल्यावर ते गप्प झाले. नानांनी त्यांना फार नेमकं समजावलं. “साहेब, तुमची माहिती वाचणारा माणूस आहेच. पण तो वेगळा. चाकणच्या मोठ्या कंपनीत व्हेंडर म्हणून नोंद करायची असते तेव्हा ते सगळं विचारतात: कारखाना कधीपासून, मशीनं किती, प्रमाणपत्र कोणतं. त्याला कंपनीची ओळख वेगळ्या चार पानांत द्या. हा कॅटलॉग त्याच्या टेबलावर राहत नाही, स्टोअरच्या कपाटात राहतो.” वडिलांचा लेथजवळचा फोटो, स्थापनेचं वर्ष आणि प्रमाणपत्र शेवटच्या कव्हरवर पत्त्यासोबत गेलं. तिथे फोन नंबर शोधायला प्रत्येक जण येतो, त्यामुळे साहेबांनाही ती जागा पटली.

सेंटर पिनच्या बांधणीत पानं चारच्या पटीतच बसतात, त्यामुळे तीन पानांची प्रस्तावना एका पानात आली तरी उरलेली दोन पानं नुसती काढून टाकता येत नव्हती. नानांना ती हवीच होती. एकावर मोजमापाची चित्रं गेली आणि दुसऱ्यावर कोड कसा वाचायचा: पहिली अक्षरं आकाराची, एल्बो, टी की सरळ, मग नळीचा व्यास, मग मालिका, मग दुसऱ्या टोकाचे आटे. आमच्याच कोडचा एक नमुना घेऊन त्याच्या प्रत्येक तुकड्याखाली बाण काढले.

छापायला जाण्याआधी नानांनी एक शिस्त घालून दिली. प्रस्तावनेतले पान क्रमांक सगळ्यात शेवटी भरायचे, शेवटच्या प्रूफवरून, आणि प्रत्येक क्रमांकाचं पान उघडून बोट ठेवून. आतलं एक पान सरकलं की वाट दाखवणारी प्रस्तावनाच वाट चुकवते, आणि ते कौतुकापेक्षा वाईट. कौतुकाने निदान कोणी चुकीचा माल मागवत नाही.

फरक ऑर्डरींच्या भाषेत दिसला. आधी ‘अर्धा इंच एल्बो, ५० नग’ एवढंच येई आणि मी फोन करून आटे कोणते, नळी केवढी, विचारत बसे. नंतर बऱ्याच ऑर्डरी कोडसह येऊ लागल्या, काहींवर नळीचं माप वेगळं लिहिलेलं. सगळ्यांच्या नव्हे. तुटक्या तुकड्याचा फोटो पाठवून ‘असंच द्या’ म्हणणारे राहिलेच, आणि झिजलेल्या आट्यांवरून कोणतीही प्रस्तावना खात्रीचं माप देऊ शकत नाही. त्यांच्यासाठी पानाच्या तळाशी ओळ होती: शंका असल्यास नमुना पाठवा.

नानांनी या कामाचे पैसे घेतले नाहीत. प्रूफ तपासण्याचे छापखाना देतो, म्हणाले. नाना आता नाहीत. पुढे मी बऱ्याच कंपन्यांचे कॅटलॉग केले, कधी बेअरिंगचे, कधी व्हॉल्व्हचे. सुरुवातीचा मजकूर बहुतेक वेळा तोच येतो, फक्त संस्थापकाचं नाव बदलतं. मी तो काटत नाही. मालकाला म्हणते, तुमच्या मालातला एक जुना, खराब झालेला नग द्या आणि शॉपमधला एक माणूस अर्धा तास द्या. तो माणूस कॅटलॉग घेऊन कुठे अडतो ते मालक स्वतः बघतो, आणि पहिल्या पानावर काय हवं यावर मग वाद उरत नाही.