तात्यांची परस्पर शाबासकी

कॉलेज संपल्यावर वडिलांनी मला आमच्या गुऱ्हाळावर भेंडीचं काम दिलं. रानभेंडी चेचून पाण्यात घोळायची आणि तो चिकट रस काहिलीतल्या तापत्या उसाच्या रसात ओतायचा. त्यानं मळी वर येते. खळखळून उकळी फुटायच्या आत ती झाऱ्यानं काढावी लागते, नाहीतर पुन्हा रसात मिसळते आणि गूळ काळा पडतो.

आमचे गुळव्या तात्या काहिलीच्या पलीकडं उभे असत. हंगामभर माझ्याशी ते बोलले ते एवढंच, “मळी बघा.” तेही रसाकडं बघत. आपलं काम त्यांना पसंत नाही, असंच मी धरून चाललो होतो.

मग एकदा ढेपा घेऊन कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गेलो, तर अडत्या म्हणाला, “तात्या सांगत हुता, धाकल्या मालकांचा हात लई हलका हाय. मळी काढावी तर त्यांनीच.” माल मिळावा म्हणून व्यापारी काहीही बोलतो, म्हणून मी ते सोडून दिलं. पण शेजारच्या गुऱ्हाळावरचा चुलीत चिपाडं घालणारा गडीही तेच बोलला, आणि त्याला माझ्याकडून काहीच मिळणार नव्हतं.

गूळ कधी उतरवायचा, हे ठरवणं गुळव्याचं. काहिलीतला थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळायची. मऊ राहिली तर ढेप बसत नाही, फार कडक झाली तर पाक करपायला आलेला असतो. थर्मामीटर लावला तर ११८ अंशांच्या आसपास दाखवतो, पण तात्यांचा विश्वास बोटांवर. एका आधणाला त्यांनी पाण्याचं भांडं माझ्यापुढं धरलं. “तुमी बघा. डोळ्यात धूर गेलाय.” मी गोळी वळली आणि “उतरवा” म्हणालो. स्वतः न तपासता त्यांनी काहील ओढायला लावली. ढेपा छान बसल्या. तात्या चिलीम भरायला निघून गेले. धूर त्या दिवशी उलट्या बाजूला जात होता, हे मला नंतर सुचलं.

ते बुजरे होतेच. पण मला वाटतं, खरी अडचण नात्याची होती. पगार देणाऱ्याच्या मुलाला तोंडावर चांगलं म्हटलं की ती हांजी-हांजी ठरते, आणि तात्यांना तेवढं सोडून बाकी सगळं चाललं असतं. मीही एकदा “तात्या, तुमच्यामुळं शिकलो” असं म्हणून पाहिलं. ते कानापर्यंत लाल झाले आणि चिपाडं ओली आहेत म्हणून गड्यावर खेकसले.

म्हणून मीही त्यांचाच रस्ता धरला. पुढच्या सौद्याला अडत्याला सांगितलं, रंग सगळा तात्यांचा, आम्ही नुसते झारा धरणारे.

तो वैतागला. “तुमी दोघं रोज एका काहिलीवर उभं ऱ्हाताय, आन् निरोप माझ्याकडनं व्हय?”