मोफत सॉफ्टवेअर आणि त्यावरची सही

अंबरनाथ पूर्वेला राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांकडे कन्येच्या विवाहाची एक डीव्हीडी आहे. दिवंगत पत्नी हसताना, पाहुण्यांची ऊठबस करताना दिसतात, असे चित्रण घरात एवढेच. २०२२ च्या उन्हाळ्यात उल्हासनगरच्या एका दुकानातून त्यांनी नवा संगणक जुळवून घेतला आणि त्यावर ती डीव्हीडी लागेना. दोष डीव्हीडीचा नव्हता. विंडोज ८ पासून डीव्हीडी पाहण्याची अंगभूत सोय काढून घेण्यात आली आहे, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. अशा वेळी व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर उपयोगी पडते, एवढे गृहस्थांना ठाऊक होते.

परंतु नेमक्या त्याच काळात त्याचे मूळ ठिकाण, videolan.org, भारतात बंद होते. फेब्रुवारी २०२२ पासून ते येथून उघडेना. ते चालवणाऱ्या फ्रान्समधील संस्थेला कोणतीही पूर्वसूचना मिळाली नव्हती. ऑक्टोबरमध्ये तिने कायदेशीर नोटीस बजावली, तेव्हा नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. मधल्या महिन्यांत ज्यांना व्हीएलसी हवे होते, ते साहजिकच आडवाटेने गेले.

गृहस्थही गेले. शोधात वरच आलेल्या एका संकेतस्थळावर ‘डाउनलोड’ची तीन मोठी बटणे होती. त्यांनी सर्वांत ठळक बटण दाबले आणि पुढच्या प्रत्येक चौकटीत ‘पुढे’ म्हणत गेले. संध्याकाळपर्यंत ब्राउझरचे पहिले पान बदलले होते, कोपऱ्यात जाहिराती उसळत होत्या आणि ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ असे बजावणारा एक अनोळखी प्रोग्राम पैसे मागू लागला होता. निवृत्तिवेतनाचे खाते ते याच संगणकावरून पाहत.

बदलापूरहून भाचा आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘‘मामा, उतरवलेली फाईल केवढी आहे?’’

‘‘दोन एमबी असेल.’’

‘‘व्हीएलसी चाळीस एमबीच्या आसपास असते. हे व्हीएलसी नाहीच. ते आणून देतो म्हणणारा हा दलाल आहे.’’

या दलालीचे कारण समजण्यासारखे आहे. व्हीएलसीसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना कोणालाही त्याच्या प्रती वाटण्याची मुभा देतो. मधला माणूस त्या प्रतीभोवती स्वतःचे छोटे वेष्टन गुंडाळतो आणि त्यात इतरांचे प्रोग्राम भरतो. असा प्रत्येक प्रोग्राम बसला की त्याला मोबदला मिळतो. संमतीची खूण चौकटीत आधीच केलेली असते, म्हणून ‘तुम्हीच होकार दिला’ असे म्हणायलाही तो मोकळा!

भाच्याने सेटिंग्जमधील ॲप्सची यादी स्थापनेच्या तारखेनुसार लावली आणि त्या दिवशी आलेले सगळे उपरे काढले. ब्राउझरमधील अनोळखी एक्स्टेन्शन आणि सूचना दाखवण्याच्या परवानग्याही रद्द केल्या. बँकेचा पासवर्ड मात्र त्याने मामांना त्यांच्या मोबाईलवरून बदलायला लावला. संगणकावर अजून काही दडले असेल, तर नवा पासवर्डही त्याच्या हाती लागला असता.

मग प्रश्न उरला तो खऱ्या व्हीएलसीचा. भाच्याच्या पेन ड्राइव्हवर बंदीपूर्वी उतरवलेली `vlc-3.0.16-win64.exe` ही फाईल होती. पेन ड्राइव्ह चार संगणकांतून फिरलेला. विश्वास कशावर ठेवायचा? त्याने फाईलवर उजवी कळ दाबून Properties उघडले आणि Digital Signatures या भागात गेला. तेथे नाव होते VideoLAN. ते निवडून Details उघडल्यावर सही वैध असल्याचेही दिसले. फाईलमध्ये नंतर कोणी ढवळाढवळ केली असती, तर ही सही वैध ठरली नसती. म्हणजे मूळ दार बंद असतानाही आलेला माल मूळचाच आहे, हे तपासता येत होते. दलालाच्या फाईलवरही सही होती, पण ती कोणा भलत्याच कंपनीची. म्हणून सही आहे एवढे पाहून भागत नाही, ती कोणाची हे वाचावे लागते. स्थापनेच्या वेळी विंडोज परवानगी मागते, त्या चौकटीतही हेच नाव दिसते. घाईत आपण ते वाचत नाही इतकेच.

या खुणेला मर्यादा आहे. सहीचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते, त्यामुळे अनेक लहान निर्मात्यांच्या फाईलवर सही नसते. तेथे ठिकाणावरच भिस्त ठेवावी लागते, आणि ठिकाणेही बदलतात. सोर्सफोर्ज हे एकेकाळी मुक्त सॉफ्टवेअरचे मान्यवर भांडार होते. तरी चित्रे सुधारणाऱ्या गिंपच्या निर्मात्यांनी २०१३ मध्ये आपली विंडोजची आवृत्ती तेथून हलवली आणि २०१५ मध्ये त्यांचे तेथील जुने पान परस्पर ताब्यात घेऊन त्यावर जाहिरातींचे वेष्टन चढवल्याचे उघड झाले. २०१६ मध्ये मालक बदलले आणि नव्यांनी ती प्रथा बंद केली.

भाचा आता शोधयंत्रात नुसते सॉफ्टवेअरचे नाव टाकत नाही, कारण तेथे वरच्या ओळी बहुधा जाहिरातींच्या असतात. तो विकिपीडियावर त्या सॉफ्टवेअरचा लेख उघडतो, बाजूच्या चौकटीतला अधिकृत पत्ता घेतो आणि तो अक्षरे वाचून स्वतः टंकतो. मामांच्या ब्राउझरमध्ये त्याने असे चार पत्ते खूण करून ठेवले आहेत. पाचवे काही हवे असेल, तर मामा बदलापूरला फोन करतात.