साका

ओहोटीच्या वेळी भाईंदरहून नायगावकडे निघालेली गाडी खाडीच्या पुलावर आली की खिडकीतून एक वास आत येतो. नवखा माणूस रुमाल नाकाला लावतो. रोजचे प्रवासी मोबाइलमधून मान वर करत नाहीत. सडक्या अंड्याचा असतो तो वास. तिवरांच्या मुळांशी, चिखलाच्या खालच्या थरांत हवा पोचत नाही. तिथे राहणारे जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड वर येतो. त्याच चिखलावर चिंबोऱ्या पोसल्या जातात, बगळे उभे राहतात, कोलंबीची पिल्लं वाढतात. गळून पडलेलं पान, मेलेला जीव, खवला, शिंपला असं सगळं तळाशी जाऊन बसतं आणि तिथून दुसऱ्या रूपात वर येतं. माझ्या डोक्यात हा गाळ आणि वाइन एकत्र आले ते उत्तनच्या एका मावशींमुळे.

मराठीत तळाशी बसणाऱ्या गोष्टींना वेगवेगळी नावं आहेत. नदीत बसतो तो गाळ. कढवलेल्या तुपाखाली उरते ती बेरी, आणि तिच्यावर साखर घालून खाण्यासाठी आम्ही भावंडं भांडायचो. द्रवाच्या तळाशी निवळून बसतो तो साका. वाइनमधला साका म्हणजे मुख्यतः मेलेलं यीस्ट. द्राक्षातली साखर खाऊन त्याची दारू करणारे हे सूक्ष्म जीव आपलं काम झालं की मरतात आणि बरणीच्या तळाशी निजतात.

मावशी ईस्ट इंडियन, कोळीवाड्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या. नाताळात पाहुण्यापुढे फुगियांची बशी आणि वाइनचा छोटा पेला येतो, पण त्या वाइनची सुरुवात मार्चमध्ये होते. नाशिककडची काळी द्राक्षं बाजारात स्वस्त झाली की मावशी ती आणतात, पुसून कोरडी करतात आणि हातानं चुरडून चिनीमातीच्या बरणीत घालतात. साखर, उकळून गार केलेलं पाणी, यीस्ट आणि मूठभर गहू. रोज लाकडी डावानं ढवळायचं. पहिले काही दिवस बरणीला कान लावला तर वाळूत पाणी जिरताना येतो तसा बारीक चुरचुर आवाज ऐकू येतो. एकविसाव्या दिवशी गाळून घ्यायचं.

खरी गंमत त्यानंतर. मावशी गाळलेली वाइन दोन रात्री नुसती ठेवतात. तळाशी जाड, जांभळट चिखल बसतो, त्यात सालींचे तुकडे, गव्हाचा भुसा, गर आणि यीस्ट असं सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं. वरची वाइन रबरी नळीनं दुसऱ्या बरणीत ओढून घेतात आणि तो चिखल निर्दयपणे फेकून देतात. मग महिनाभरात नव्या बरणीच्या तळाशी पुन्हा एक थर दिसू लागतो. हा पातळ असतो, राखाडी-गुलाबी, बोटावर घेतला तर तांदळाच्या पिठीसारखा मऊ. हा मात्र त्या ठेवतात. बरणीला ओलं गोणपाट गुंडाळून घरातल्या सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची आणि नाताळापर्यंत अधूनमधून हलकेच ढवळायची.

मी कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पहिला साका घाणेरडा, दुसरा साका गोडाचा. सासू तसंच करायची.”

फ्रान्समधल्या वाइनवाल्यांचंही हेच म्हणणं आहे, फक्त ते जाड साका आणि बारीक साका असे शब्द वापरतात. बर्गंडीत लाकडी पिंपातला बारीक साका काठीनं ढवळण्याच्या रिवाजाला बातोनाज असं भारदस्त नाव आहे. मावशींचा डाव त्याच जातीचा.

तर त्या बारीक साक्यात चाललेलं असतं काय? यीस्टची एक पेशी म्हणजे भिंत असलेलं एकखोलीचं घर. आत एका कप्प्यात प्रथिनं तोडणारे पाचक रस कोंडलेले असतात. पेशी जिवंत असते तोवर ते आटोक्यात राहतात. ती मेली की आतले पडदे विरघळतात, रस बाहेर सुटतात आणि पेशी स्वतःलाच पचवू लागते. याला आत्मपचन म्हणतात. प्रथिनांची अमिनो आम्लं होतात आणि ती वाइनमध्ये झिरपतात. भिंतीचेही धागे हळूहळू सुटतात. ही भिंत ग्लुकान नावाच्या शर्करासाखळ्यांची आणि मॅनोप्रथिनांची बनलेली असते. ही मॅनोप्रथिनं म्हणजे शर्करेत लपेटलेली प्रथिनं, आणि त्यांच्यात सगळी जादू आहे. ती वाइनला किंचित दाटपणा देतात, सालींतून आलेल्या तुरटपणाला वेढून त्याची धार बोथट करतात, आणि जीभ म्हणते: साय. सायीतलं स्निग्ध असं त्यात काही नसतं. फक्त जिभेला टोचणारं काही उरलेलं नसतं. पेशी मात्र फुटत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ती रिकामी, सुरकुतलेली पिशवी दिसते. आतलं सगळं देऊन झालं तरी घराचा आकार तेवढा शिल्लक राहतो. मी हात जोडते ते इथे.

घाईगर्दीनं हे होत नाही. यीस्ट मेल्यावरही दोन-चार महिने वाइनमध्ये फारसा फरक जाणवत नाही. गारव्यात हे पचन संथ आणि नीट चालतं. उकाड्यात ते लवकर होतं, पण चव खरखरीत होते. मावशींचं ओलं गोणपाट त्यासाठीच, जरी उत्तनच्या मे महिन्यापुढे त्याचा जोर किती चालणार!

माझा स्वतःचा पहिला प्रयोग अशाच एका मे महिन्यात फसला. पहिला साका फेकायचा कंटाळा केला. म्हटलं, थोडा असेल तर चांगला, जास्त असेल तर आणखी चांगला. तीन आठवड्यांनी बरणीचं झाकण उघडलं आणि थेट खाडीचा पूल घरात आला. कारणही तसंच. जाड थर स्वतःच्या वजनानं दबतो, आत हवा पोचत नाही, आणि कोंडलेलं, उपाशी यीस्ट गंधकाच्या संयुगांतून हायड्रोजन सल्फाइड बनवतं. मावशींनी पेला नाकाशी नेला, काही न बोलता आत गेल्या आणि सासूच्या डब्यातला भोकाचा पैसा घेऊन आल्या, 1940च्या दशकातला, तांबूस. तो घासून लखलखीत केला आणि पेल्यात टाकला. थोडा वेळ पेला हलवत ठेवला. वास उतरला. तांबं त्या वायूला बांधून टाकतं, म्हणजे रोग ओळखू आला आणि अजून हाताबाहेर गेलेला नव्हता. पैसा टाकूनही वास तसाच राहिला असता, कांदा-लसणाच्या अंगाचा, तर वाइन ओतून देण्याखेरीज इलाज नव्हता. (तो पेला प्यायचा नाही. तांबं पोटात जायला नको.) बरणीतली वाइन मी साक्यावरून उपसली, भांड्यातून भांड्यात धारेनं ओतून तिला हवा दाखवली. वाचली. चव मात्र कधीच जमली नाही.

साक्याच्या या कामाचं सर्वांत शिस्तशीर रूप फेसाळ वाइनमध्ये दिसतं, आणि ते पाहायचं तर आपल्याच दिंडोरीला जावं. महाराष्ट्रात फेसाळ वाइनचा हा मार्ग आधी नारायणगावच्या शामराव चौगुल्यांनी 1980च्या दशकात चोखाळला आणि त्यांची ‘ओमर खय्याम’ परदेशातही गेली. आता नाशिकात सुला आहे आणि दिंडोरीत शाँदाँ, ज्यांच्या बाटल्या 2013 साली बाजारात आल्या. तिथल्या मळ्यांत एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, पावसाच्या अखेरीस फळछाटणी, आणि हिवाळ्यात शेनिन ब्लाँची द्राक्षं जरा कच्ची, आंबट असतानाच तोडतात. त्यांची साधी वाइन तयार झाली की ती बाटल्यांत भरताना दर लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर आणि थोडं ताजं यीस्ट घालतात. एका बाटलीत म्हणजे साडेचार चमचे साखर. वर सोड्याच्या बाटलीसारखं पत्र्याचं बूच. आत यीस्ट ती साखर खातं आणि वायू बाहेर जाऊ शकत नाही म्हणून वाइनमध्ये विरतो. दाब वातावरणाच्या सहापट होतो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. बाटलीची काच जाड असते ती या दाबासाठी.

मग ती बाटली गार अंधारात आडवी निजते. तिच्या पोटाशी पिठाच्या रेघेसारखा साका पसरतो, पातळ आणि लांब, म्हणजे जितकी वाइन तितका त्याचा स्पर्श. शॅम्पेनच्या गावी कायदाच आहे की साध्या बाटलीनं किमान 12 महिने साक्यावर काढावेत आणि सालाचं नाव लावणाऱ्या बाटलीनं भरल्यापासून विक्रीपर्यंत तीन वर्षं थांबावं. वर्षभरात जेमतेम ताज्या कणकेचा वास येतो. आणखी वर्ष-दोन वर्षं गेली की पावाची साल, बिस्कीट, भाजलेला सुका मेवा. शेवटी बाटली तिरपी करून थोडी थोडी फिरवत साका मानेशी आणतात, मान गोठवतात, बूच उडवतात, आणि आतल्या दाबानंच बर्फाच्या गोळीत अडकलेला साका बाहेर फेकला जातो. त्या क्षणापासून पचन थांबतं. तोवर मिळालं तेवढं मिळालं.

पावाचा वास का, हे मात्र जपून सांगायला हवं. पाव फुगवणारं आणि वाइन आंबवणारं यीस्ट एकाच जातीचं, म्हणून सोपं उत्तर देण्याचा मोह होतो. पण बेकरीतला खमंग वास बराचसा भट्टीच्या आचेवर, अमिनो आम्लं आणि साखर यांच्या भेटीतून तयार होतो. गार बाटलीत भट्टी नाही. तिथे यीस्टनं सोडलेली अमिनो आम्लं, स्निग्ध आम्लं आणि इतर रेणू वर्षानुवर्षं एकमेकांशी संथ गाठी बांधत राहतात आणि वास जवळपास त्याच गावाला पोचतो. लोण्याचा वास आला तर तो बहुतेक साक्याचा नव्हेच. हिरव्या सफरचंदातलं तीक्ष्ण आम्ल जिवाणूंनी मवाळ केलं की तो येतो, आणि चाखणारे पुष्कळदा या दोहोंची गल्लत करतात.

गेल्या नाताळात मावशींची बरणी रिकामी झाली तेव्हा मी तिथेच होते. बाहेर वलांड्यांवर बोंबील वाळत होते, चुलीवरच्या तेलात फुगिया सोनेरी होत होत्या. तळाशी दोन बोटं साका उरला होता. मला वाटलं, हा पिठात घालत असतील, यीस्टच तर आहे. पूर्वी ताडी घालून पीठ फुगवायचे हे त्यांनीच सांगितलं होतं.

“मेलेलं ते, त्यानं काय पीठ फुगणार?” मावशी हसल्या.

बरणी उचलून त्या अंगणात गेल्या आणि नारळाच्या बुंध्याशी ती ओतली. वाळूनं ते राखाडी पाणी क्षणात पिऊन टाकलं. खाली बंदरात भरती लागली होती, होड्या चिखलावरून एकेक उचलल्या जात होत्या.