शिधापत्रिकेवरील नाव

नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरी शिधापत्रिका पत्र्याच्या पेटीत, घराच्या खरेदीखताशेजारी ठेवलेली असे. साखर वा घासलेट आणावयास मला पाठविले की वाटेत मी तिच्यावरील नावे वाचीत असे. जन्मलेल्यांची नावे तळाशी वाढत. निवर्तलेल्यांच्या आणि सासरी गेलेल्या आत्यांच्या नावांवर रेघ ओढलेली असे. 1999 साली शासनाने पिवळ्या, केशरी व शुभ्र अशा तीन रंगांच्या पत्रिका प्रचारात आणल्या, तेव्हा आम्हांस केशरी मिळाली आणि कुटुंबप्रमुख म्हणून बाबांचे नाव लागले. पुढे माझे लग्न झाले, तेव्हा पत्नीचे नाव तिच्या माहेरच्या पत्रिकेतून कमी केल्याचा दाखला घेऊन पुरवठा कार्यालयात खेटे घातले ते बाबांनीच.

माझी नोकरी अंबाझरीच्या आयुध निर्माणीत आणि पत्नीची वाडीतील शाळेत असल्यामुळे अमरावती मार्गालगत आम्ही भाड्याचे घर घेतले होते. ही व्यवस्था तात्पुरती आहे असे आईबाबा मानीत. आणि एके दिवशी बाबांनी वरचा मजला बांधण्याचा नकाशाच आमच्यापुढे ठेवला. आम्हां दोघांस स्वतःचे बिऱ्हाड हवे होते, हे आमच्यात पूर्वीच ठरले होते. प्रश्न होता तो सांगण्याच्या रीतीचा.

अंतराची सबब हाताशी होती; परंतु सबब दूर करता येते, आणि ती दूर झाली की नकारही खोटा पडतो. बाबांनी गाडी घेऊन दिली असती, पत्नीच्या बदलीसाठी कोणाच्या तरी ओळखी शोधल्या असत्या, आणि प्रत्येक उपायानंतर आम्हांस नवी सबब धुंडाळावी लागली असती. म्हणून मी कारण सांगितले तेच जे खरे होते. बोललो मी, आणि पत्नी शेजारी बसली होती. कारण मुलाने मौन धरले की सुनेने घर फोडले असा निवाडा आप्तांच्या दरबारात साक्षीपुराव्यावाचून होतो, आणि तो पुढे कोणाच्याने फिरविता येत नाही. “आई, आम्हांला आमची चूल वेगळी हवी आहे. तुमचं काही चुकलं म्हणून नव्हे. पण बाकीचं काही वेगळं करायचं नाही,” एवढेच मी म्हणालो.

आई बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, “बाकीचं म्हणजे काय?” तो प्रश्न योग्यच होता, आणि आम्ही त्याचे उत्तर मोघम दिले नाही. कुलाचार व देवघर महालातच राहील. महालक्ष्म्यांच्या दिवसांत सून रजा घेऊन तेथेच असेल. दरमहा ठरलेली रक्कम पहिल्या आठवड्यात पोचेल. रविवारचे जेवण तेथे होईल. आणि दुखण्याखुपण्यात दोघांपैकी एक जण रात्री मुक्कामाला येईल.

इरावती कर्वे यांनी 1953 सालच्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगताना एक छप्पर, एका चुलीवरील अन्न, सामाईक मिळकत, सामाईक कुलोपासना आणि परस्परांतील नाते यांची गणना केली आहे. मिताक्षरेवर आधारलेल्या हिंदू कायद्यातही केवळ अन्न व निवास पृथक् झाल्याने वाटणी झाली असे न्यायालये मानीत नाहीत. वाटणीला तसा हेतू लागतो. म्हणजे या लक्षणांपैकी दोन सोडून उरलेली राखणे परंपरेलाही अपरिचित नव्हते. मात्र उरलेली कोणती, हे नाव घेऊन सांगावे लागते, अन्यथा ऐकणाऱ्यास सर्वच सुटले असे वाटते.

नवी पत्रिका काढण्यासाठी जुनीतून आमची नावे कमी करण्याचा अर्ज द्यावा लागला, आणि त्यावर कुटुंबप्रमुख या नात्याने सही बाबांची हवी होती. त्यांनी ती केली. परंतु त्यानंतर कित्येक महिने ते वाडीला आले नाहीत. आई डबे पाठवी, स्वतः मात्र येत नसे. राग निवळला की नाही हे गोड बोलण्यावरून कळत नाही. डबा येतो आणि माणूस येत नाही, यावरून कळते. त्या काळात आम्ही मनधरणी केली नाही आणि कबूल केलेल्यांतले काही चुकविलेही नाही. दिवाळीनंतर आई मुक्कामाला आली आणि स्वयंपाकघरातील डबे आपल्या मनाप्रमाणे लावू लागली. पत्नीने ते तसेच राहू दिले.

पुढे बाबांना पक्षाघात झाला, तेव्हा रात्रीच्या मुक्कामाचा शब्द आठवड्यामागून आठवडे पाळताना त्याची खरी किंमत कळली, आणि त्यापुढे एक परिचारकही ठेवावा लागला. बिऱ्हाड मात्र आम्ही मोडले नाही, आणि मोडा असे आईनेही म्हटले नाही. कारण तोवर आमचा नकार नेमका कोठे संपतो, हे तिला अनुभवाने ठाऊक झाले होते. आईबापांना मुलाचा नकार सोसतो. त्या नकाराची सीमा न कळणे सोसत नाही, आणि ती सीमा आखून देणे हे नकार देणाऱ्याचेच कर्तव्य आहे.