डावी कात्री

दिवाळीच्या सुटीत बहिणीची मुले आमच्याकडे येतात आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशी आकाशकंदील करण्याचा घाट घातला जातो. बरीच वर्षे हा उद्योग म्हणजे मी कंदील करावयाचा आणि मुलांनी तो पाहावयाचा, असाच चालला होता. कामट्या मी तासावयाच्या, सुतळीने मी बांधावयाच्या, आणि मुलांनी फार तर खळीची वाटी पुढे सरकवावयाची! गेल्या वर्षी मात्र कामट्यांना फाटा देऊन सारे काम मुलांच्याच हाती सोपवावे असे मी ठरविले.

त्यासाठी टेबल निराळे मांडावे लागले. माझे लिहिण्याचे टेबल मुलांच्या छातीला लागते, आणि खांदे उचकून धरलेला हात कात्री सरळ चालवू शकत नाही. म्हणून माजघरातला बुटका चौरंग काढला. त्यावर वर्तमानपत्राचे चार थर घातले. एकेक काम संपले की वरचा थर कपट्यांसकट गुंडाळून टोपलीत टाकावयाचा, की खाली पुन्हा कोरी जागा तयार. केरसुणीचे निम्मे काम असे आधीच उरकते. खळ मात्र मी स्वतः शिजविली. वाटीभर थंड पाण्यात दोन मोठे चमचे मैदा गुठळ्या मोडून कालवावा आणि चकाकी येईपर्यंत मंद आचेवर ढवळावा. आमच्या वडिलांच्या वेळी कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालीत. तो विषारी आहे, आणि पाच वर्षांच्या मुलाचे बोट वाटीतून थेट तोंडात जाते. तेव्हा मोरचूद नाही; खळ रोजची रोज ताजी करावी, उरलेली टाकून द्यावी.

कृती अशी. तीस सेंटिमीटर लांब व वीस रुंद असा जाडसर रंगीत कागद लांबीच्या अंगाने मधोमध दुमडावयाचा. सुट्या कडेपासून अडीच सेंटिमीटरवर ठळक रेघ ओढावयाची. मग दुमडीकडून त्या रेघेपर्यंत, दोन-दोन सेंटिमीटरच्या अंतराने काप घ्यावयाचे. रेघेला आम्ही 'वेस' म्हणत असू. वेशीबाहेर कात्री गेली की पट्टी सुटून हातात येते. कागद उलगडून त्याची नळी करावयाची. आत सतराच सेंटिमीटर उंचीची पिवळी नळी घालून दोहोंच्या वरच्या व खालच्या कडा जुळवून चिकटविल्या, की बाहेरच्या पट्ट्यांना फुगण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि कंदिलाला पोट येते. आत विजेच्या लहान दिव्यांची माळ सोडावी. पणती वा मेणबत्ती कदापि नव्हे.

थोरल्याचे काप सरळ आले. धाकटा कात्रीविनाच पतंगाच्या कागदाच्या झिरमिळ्या फाडण्यात दंग होता. मधली, सात वर्षांची, मात्र अडली. तिच्या कात्रीत कागद कापला न जाता दोन पात्यांच्या मध्ये दुमडून बसे. कडा कुरतडल्यासारख्या दिसत. "नीट धर," मी दोनदा बजावले. तिसऱ्यांदा आवाज चढला. ती म्हणाली, "मामा, कात्री माझं ऐकतच नाही."

मी पाहिले, ती डाव्या हाताने कापीत होती. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. ताटावर बसल्यावर मी तिला हात बदलावयास लावीत असे! कात्री उलटी करून दिली, तरी फरक पडेना. मग मी ती स्वतः डाव्या हातात घेतली, तेव्हा उलगडा झाला. उजव्या हाताची मूठ मिटताना अंगठा आपल्या नकळत एक कडी बाहेर ढकलतो व बोटे दुसरी आत ओढतात, त्यामुळे पाती एकमेकींवर घासतात. डाव्या मुठीचा तोच दाब त्यांना विलग करतो. कात्री फिरविली तरी वरचे पाते उजव्याच बाजूला राहते. शिवाय ते पाते डावखुऱ्याच्या डोळ्यांपुढून रेघच झाकून टाकते. तीस वर्षे शिकविण्यात घालवूनही हे कधी माझ्या लक्षात आले नव्हते.

त्याच संध्याकाळी कागदाच्या दुकानात डाव्या हाताची, बोथट टोकाची कात्री मिळाली. त्यात पात्यांची मांडणीच आरशातल्यासारखी उलट असते. दुसऱ्या दिवशी तिने नवा कागद दुमडला, वेस आखली, आणि खाली मान घालून सारे काप घेतले. एकही वेशीबाहेर गेला नाही.

आवरताना तीन कात्र्या मोजून डब्यात ठेवावयाच्या असा नियम होता. तिची कात्री ठेवण्यापूर्वी मी सहज उजव्या हातात धरून एका कपट्यावर चालवून पाहिली. कपटा पात्यांमध्ये दुमडून बसला. ती जवळच उभी होती.

"नीट धर, मामा," ती म्हणाली.