बर्जेसचे तीन १८८३

छत्रपती संभाजीनगर

प्रिय ताई,

झोटेरोमधली आपली संदर्भांची यादी मी काल रात्री बदलली. न विचारता बदलली म्हणून रागावण्याआधी कारण वाचा.

लेण्यांवरच्या मजकुरात जेम्स बर्जेस तीनदा येत होते: १८८३अ, १८८३ब, १८८३क. त्या साली त्यांचे दोनच अहवाल निघाले. चौथा भाग बौद्ध लेण्यांचा, पाचवा वेरूळचा. मग तिसरा कुठला? Duplicate Items उघडलं, तर तिथे एक जोडी तयारच होती. दोन्हींचं शीर्षक ‘आर्किऑलॉजिकल सर्व्हे ऑफ वेस्टर्न इंडिया’, लेखक आणि साल एकच, भागाचा रकाना रिकामा. Merge Items वर बोट गेलंच होतं. सहज पीडीएफची मुखपृष्ठं पाहिली, तर एक चौथा भाग निघाला, दुसरा पाचवा! मालिकेचं नाव मीच शीर्षकात घातलं होतं. खरी जुळी नोंद वेगळीच होती: तुम्ही वेरूळच्या नावाने केलेली. शीर्षक निराळं, म्हणून झोटेरोला ती दिसलीच नाही.

आधी मालिकेचं नाव तिच्या रकान्यात नेलं, खरी शीर्षकं आणि भाग भरले. तुमची नोंद ‘अहवाल’ प्रकारात होती, माझी ‘पुस्तक’. प्रकार एक केल्याशिवाय त्या जुळेनात. मग दोन्ही एकत्र केल्या. एकही पुसली नाही, कारण एकत्र केलेल्या नोंदीशी वर्डमधला संदर्भ जोडलेला राहतो, पुसलेलीशी नाही.

आता तुमच्याकडे Refresh करा. बौद्ध लेणी ‘अ’, वेरूळ ‘ब’ व्हायला हवं आणि ‘क’ कुठेच दिसायला नको. तरी वर्डमध्ये ‘१८८३क’ शोधाच. छायाचित्रांखालच्या ओळी आपण हाताने टाइप केल्या आहेत, त्या आपोआप बदलणार नाहीत. तिथलं ‘क’ म्हणजे आता ‘ब’.

Refresh नंतरही एखाद्या ठिकाणी वेरूळचं जुनं शीर्षक राहिलं, तर तो संदर्भ गटाच्या यादीतून नव्हे, तुमच्या किंवा माझ्या खासगी यादीतून आलेला आहे. खासगी आणि गटातली नोंद एकत्र होत नाही. तो काढून गटातून पुन्हा घाला, आणि पानाचा आकडा आधी टिपून ठेवा, संदर्भाबरोबर तोही जातो.

एक चूक कबूल करतो. मजकुरात ‘औरंगाबाद’च्या जागी नवं नाव घालताना मी सरसकट बदल केला. त्यात १८७८ च्या बीदर-औरंगाबादच्या अहवालाचं नावही बदललं. वर्डमधल्या संदर्भसूचीतलं Refresh ने पूर्ववत होईल, पण तळटिपांत हाताने लिहिलेलं नाही. तेवढं पाहा. अहवालाचं नाव छापलंय तसंच राहू दे.

तुमचं झाल्यावर कळवा, तोवर मी फाइलला हात लावत नाही.